सुरांच्या जोड्या: चिनी भाषेतील सूर ऐकणे आणि उच्चारणे

चिनी भाषेत माइ३ म्हणजे विकत घेणे आणि माइ४ म्हणजे विकणे. दोन्ही शब्दांतली व्यंजने आणि स्वर तंतोतंत सारखे आहेत. फरक आहे तो फक्त आवाजाच्या उंचीचा. पहिल्या शब्दात आवाज तळाशी जाऊन तिथेच रेंगाळतो, दुसऱ्यात तो वरून सरळ खाली येतो. शब्दाचा अर्थ ठरवणाऱ्या या उंचीला आणि तिच्या हालचालीला इथे सूर म्हटले आहे. अक्षरापुढचा आकडा त्या सुराचा क्रमांक दाखवतो, आणि अक्षर म्हणजे उच्चारातला एक घटक, लिहिण्यातले चिन्ह नव्हे. प्रमाण चिनीत असे चार सूर आहेत. पहिला उंचावर स्थिर राहतो, दुसरा मध्यावरून चढतो, तिसरा खालीच असतो आणि चौथा माथ्यावरून तळाला उतरतो. यांखेरीज काही अक्षरे बिनसुराची, हलकी उच्चारली जातात.

मराठी बोलणाऱ्याचा आवाजही सतत चढत-उतरत असतो. ‘हो’ हे एकच अक्षर होकार देताना खाली येते, प्रश्न विचारताना वर जाते आणि कंटाळलेल्या संमतीत सपाट होते. पण या तिन्ही वेळा शब्द ‘हो’च असतो, बदलतो तो बोलणाऱ्याचा भाव. त्यामुळे लहानपणापासून मराठी कानाला एक सवय लागते: शब्द ओळखताना उंची बाजूला काढायची आणि तिच्यावरून फक्त माणसाचा रोख ओळखायचा. चिनी शिकणाऱ्या मराठी माणसाची अडचण नेमकी इथे असते. सूर त्याच्या कानावर पडतो, पण तो शब्दाचा भाग म्हणून नोंदवलाच जात नाही. आठवडाभराने शब्द आठवतो आणि त्याचा सूर आठवत नाही, याचे कारण स्मरणशक्तीची कमतरता नसून ही जुनी वर्गवारी आहे.

याउलट व्यंजनांच्या बाबतीत मराठी माणूस मोठ्या फायद्यात असतो. चिनीतला भेद प-फ, त-थ, क-ख असा अल्पप्राण-महाप्राण आहे, आणि तो मराठीला जन्मजात येतो. तोटा होतो तो रोमन लिपीमुळे. १९५८ साली चीनने स्वीकारलेल्या पिनयिन या रोमन लेखनात अल्पप्राण प, त, क हे आवाज b, d, g या अक्षरांनी लिहितात. शिकणारा ते इंग्रजी सवयीने ब, द, ग असे वाचतो. ही चूक केवळ व्यंजनाची राहत नाही. घोष व्यंजन उच्चारताना स्वरतंतूंच्या कंपनाची गती किंचित मंदावते आणि पुढच्या स्वराची सुरुवात खाली ओढली जाते. चौथ्या सुराला तर माथ्यावरून सुरुवात हवी असते. ‘ती४’ऐवजी ‘दी४’ म्हटले की उतार सुरू होण्याआधीच त्याची उंची थोडी खर्च झालेली असते. घोष व्यंजनाचा हा परिणाम किती दूर जाऊ शकतो ते पंजाबीत दिसते. तिथे घ, झ, ध, भ यांचे जुने उच्चार गेले आणि त्यांच्या जागी सूर आले. ‘घोडा’ या अर्थाच्या शब्दाचा आरंभ आज पंजाबीत ‘क’सारखा ऐकू येतो, आणि ‘कोडा’ म्हणजे चाबूक या शब्दापासून तो सुरानेच वेगळा राहतो. मराठीने ही व्यंजने टिकवली, म्हणून तिला सुरांची गरज पडली नाही.

सूर मोजायची सर्वांत उपयोगी पद्धत युअन रन चाओ यांनी १९३० साली मांडली. चाओ भाषाशास्त्रज्ञ होते तसेच संगीतरचनाकारही होते, आणि त्यांच्या मोजपट्टीत दोन्ही बाजू दिसतात. बोलणाऱ्याच्या सहज आवाजाच्या पट्ट्याचे त्यांनी पाच टप्पे केले: १ म्हणजे तळ, ५ म्हणजे माथा. प्रत्येक सुराची सुरुवात आणि शेवट या टप्प्यांनी लिहायचा. पहिला सूर ५५, दुसरा ३५, चौथा ५१, आणि तिसरा एकटा उच्चारला तर २१४.

हे टप्पे निरपेक्ष नाहीत, आणि संगीताची तालीम असलेल्या माणसाचा गोंधळ बहुधा इथेच होतो. पहिला सूर म्हणजे वरचा षड्ज असे काही ठरलेले नसते. प्रत्येकाचा माथा आणि तळ ज्याचा त्याचा. समजा, एखाद्या पुरुषाचा सहज बोलण्याचा आवाज ९० ते १८० हर्ट्झमध्ये फिरतो. हे अंतर बरोबर एका सप्तकाचे, म्हणजे बारा अर्धस्वरांचे आहे. पाच टप्प्यांमध्ये चार पायऱ्या असल्याने एकेक पायरी तीन अर्धस्वरांची होते. मग त्याचे टप्पे खालून वर साधारण ९०, १०७, १२७, १५१ आणि १८० हर्ट्झवर येतात. खालच्या दोन टप्प्यांत १७ हर्ट्झचे अंतर आहे आणि वरच्या दोनांत २९ हर्ट्झचे, तरी कानाला ही दोन्ही अंतरे सारखीच वाटतात. म्हणून सुरांचा आलेख हर्ट्झमध्ये न काढता अर्धस्वरांत काढावा. ९० हर्ट्झ हा तळ धरला, तर कोणत्याही क्षणीची कंपनसंख्या `f` तळापासून किती अर्धस्वर वर आहे ते या सूत्राने मिळते:

```
12 * log2 (f / 90)
```

असे केले की २२० हर्ट्झच्या आसपास बोलणाऱ्या शिक्षिकेचा आलेख आणि १२० हर्ट्झच्या आसपास बोलणाऱ्या विद्यार्थ्याचा आलेख, दोघांचे आपापले तळ धरून, एकाच पट्टीवर ठेवता येतात.

चाओंच्या पट्टीवरून चार सूर पाठ करायला फार वेळ लागत नाही. बहुतेक वर्गांत पहिल्याच तासाला मा१, मा२, मा३, मा४ हे पाढे म्हटल्यासारखे घोकले जाते, आणि विद्यार्थी ते बरोबर म्हणतोही. पुढच्या तासाला दोन अक्षरांचा शब्द आला की सगळे विस्कटते. याचे कारण स्वरयंत्रात आहे. आवाज चढवण्यासाठी स्वरतंतू ताणावे लागतात, उतरवण्यासाठी ते सैल सोडावे लागतात आणि पुष्कळदा स्वरयंत्र खालीही ओढावे लागते. या हालचालींना वेळ लागतो. यी शू आणि शुएचिंग सुन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार माणसाला शक्य तितक्या वेगाने आवाज बारा अर्धस्वर उतरवायला सुमारे १७० मिलिसेकंद लागतात आणि तेवढाच चढवायला सुमारे १९५. साध्या बोलण्यातले चिनी अक्षर सुमारे २०० मिलिसेकंदांत संपते. याचा अर्थ, पूर्ण पट्ट्याचा एक उतार किंवा चढ करण्यातच अक्षराचा बहुतेक वेळ जातो. आधीचे अक्षर जिथे संपले तिथून पुढचे सुरू होते. मधे उडी मारून नव्या टप्प्यावर जाण्याची सोय शरीरात नाही.

यी शू यांनीच १९९७ साली ‘मामा’ या दोन अक्षरांवर सगळ्या सुरांच्या जोड्या म्हणवून घेऊन त्यांचे आलेख तपासले होते. त्यांतून स्पष्ट झाले की आधीच्या सुराचा परिणाम पुढच्यावर मोठा होतो. दुसऱ्या अक्षराची सुरुवात जवळजवळ पूर्णपणे पहिल्याच्या शेवटावर अवलंबून असते, आणि सुराचे खरे रूप अक्षराच्या उत्तरार्धात उमटते. उलट दिशेचा परिणाम लहान असतो आणि तो वेगळ्या प्रकारचा असतो: पुढे खालचा सूर येणार असला की आधीचा माथा थोडा अधिक वर जातो.

दुसऱ्या सुराचे उदाहरण घेतले तर हे नीट कळते. ‘चोंग१-क्वो२’ म्हणजे चीन. इथे पहिले अक्षर ५वर संपते, म्हणून ‘क्वो२’ वरूनच सुरू होतो, आधी थोडा खाली येतो आणि मग चढतो. ‘ती४-थू२’ म्हणजे नकाशा. इथे पहिले अक्षर तळाला संपते, म्हणून ‘थू२’ तळापासून चढायला लागतो. पुस्तकात दोन्ही ३५च आहेत, पण आलेखात त्यांचे पूर्वार्ध एकमेकांसारखे मुळीच दिसत नाहीत. सारखा आहे तो शेवट: दोन्ही अक्षरे संपताना आवाज वर जात असतो. एकटा मा२ शंभर वेळा घोकल्याने यातली कोणतीच वाट सवयीची होत नाही. सूर शिकण्याचे सर्वांत लहान एकक एक अक्षर नसून सुरांची जोडी आहे, असे मानायला हे पुरेसे कारण आहे.

तिसऱ्या सुराबद्दल पाठ्यपुस्तकांनी बरेच नुकसान केले आहे. २१४ असे त्याचे रूप शिकवले जाते, आणि आकृतीत तो खाली जाऊन वर येणारा वाकडा सूर दिसतो. हे रूप अक्षर एकटे असताना किंवा वाक्याच्या शेवटी ठासून म्हटल्यावर मिळते. इतर सुरांआधी तो फक्त २१ असतो, म्हणजे एक खालचा, जवळजवळ सपाट सूर. राजधानीचे नाव ‘पेइ३-चिंग१’ आहे. त्यात पहिले अक्षर तळाशी आणि दुसरे थेट माथ्यावर. २१४ घोकलेला विद्यार्थी ‘पेइ’च्या शेवटी आवाज वर नेतो आणि ऐकणाऱ्याला तिथे दुसरा सूर ऐकू येतो. पुण्याच्या चिनी नावाचेही असेच, ‘फू३-ना४’: तळ, मग माथ्यावरून उतार. तिसरा सूर सुरुवातीपासून ‘खालचा सूर’ म्हणून शिकवला आणि शेवटचा चढ नंतर जोड म्हणून सांगितला, तर यातल्या बहुतेक चुका होतच नाहीत.

दोन तिसरे सूर शेजारी आले तर पहिला बदलून दुसऱ्यासारखा होतो. ‘नी३-हाओ३’ हे अभिवादन प्रत्यक्षात ‘नी२-हाओ३’ म्हटले जाते. ‘माइ३-मा३’ म्हणजे घोडा विकत घेणे आणि ‘माइ२-मा३’ म्हणजे घोडा पुरणे. बोलताना ही दोन्ही एकच होतात आणि चिनी माणसालाही ती नुसत्या कानाने वेगळी सांगता येत नाहीत. त्यामुळे चार सुरांच्या कागदावर होणाऱ्या सोळा जोड्यांपैकी कानाला वेगळ्या पंधराच उरतात.

या जोड्यांसाठी अर्थ माहीत असलेले शब्द घ्यावेत, निरर्थक अक्षरे घेऊ नयेत; म्हणजे सूर शब्दाबरोबर साठवला जातो. मराठी माणसाला यांतली काही नावे आधीपासून ओळखीची आहेत. भारत म्हणजे ‘यिन४-तू४’, मुंबई म्हणजे ‘मंग४-माइ३’. ‘यिन४-तू४’मध्ये आणखी एक बारकावा आहे. दोन चौथे सूर लागोपाठ आले की पहिला तळापर्यंत पोचत नाही, ५३वरच थांबतो, कारण पुढच्या अक्षराला पुन्हा माथा गाठायचा असतो आणि वेळ नसतो. पहिला उतार पूर्ण करायचा हट्ट धरणारा विद्यार्थी दोन अक्षरांमध्ये खंड पाडतो, आणि शब्द तुटून दोन शब्द झाल्यासारखे ऐकू येते.

सराव कानापासून सुरू व्हावा. जॅक गँडूर यांच्या अभ्यासांतून दिसले की सूर नसलेल्या भाषांचे लोक दोन सूर वेगळे करताना सरासरी उंचीवर अधिक भर देतात, तर सूर असलेल्या भाषांचे लोक उंचीच्या दिशेला, म्हणजे आवाज चढतो आहे की उतरतो आहे याला, तुलनेने जास्त महत्त्व देतात. नवशिक्याला पहिला आणि तिसरा सूर लवकर ओळखता येतात, कारण एक उंच आणि एक खाली. दुसरा आणि तिसरा मात्र एकमेकांत मिसळतात, विशेषतः तिसरा एकटा आणि पूर्ण २१४ असा आला तर. दोन्ही आधी किंचित उतरतात आणि मग चढतात. भेद करतो तो वळणाचा क्षण: दुसऱ्या सुरात आवाज लवकर वळतो, तिसऱ्यात तो आधी अधिक खोल जातो आणि उशिरा वळतो. हे एकदा सांगून टाकण्यापेक्षा, वळण लवकर आणि उशिरा असलेले दोन आवाज लागोपाठ ऐकवणे अधिक उपयोगी पडते.

ऐकण्याच्या सरावाबद्दल भक्कम पुरावा उपलब्ध आहे. युए वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली चिनी शिकणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांना दोन आठवड्यांत आठ बैठका दिल्या. प्रत्येक वेळी एक उच्चार ऐकायचा, सूर कोणता ते निवडायचे आणि उत्तर बरोबर की चूक ते लगेच कळायचे. आवाज एकाच माणसाचा नव्हता; वेगवेगळ्या वक्त्यांचे उच्चार मुद्दाम मिसळले होते. ओळखण्यात सरासरी २१ टक्क्यांची सुधारणा झाली आणि सहा महिन्यांनंतरही ती टिकून होती. २००३ साली त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: उच्चाराचा कोणताही सराव न देता याच विद्यार्थ्यांचे उच्चारही सुधारले होते, आणि चिनी श्रोत्यांच्या कसोटीवर ही सुधारणा सुमारे १८ टक्क्यांची होती. यातून दोन गोष्टी निघतात. कान आधी तयार केला तर जिभेचे आणि घशाचे काम कमी होते. आणि एकाच शिक्षिकेचा आवाज ऐकून शिकलेला माणूस त्या आवाजाच्या सवयी शिकतो, सूर शिकत नाही.

घरी हा सराव करायचा तर निरनिराळ्या बोलणाऱ्यांनी म्हटलेल्या पंधरा जोड्यांच्या ध्वनिफिती हव्यात. क्रम विस्कळीत ठेवून ऐकायचे आणि उत्तर लिहायचे, पण नुसती बेरीज करायची नाही. डावीकडे खरी जोडी, उजवीकडे दिलेले उत्तर, असा तक्ता ठेवायचा. ‘शंभरांत ऐंशी बरोबर’ या आकड्यातून पुढे काय करायचे ते कळत नाही. पण तक्त्यात २-१ ही जोडी वारंवार ३-१ म्हणून लिहिलेली दिसली आणि २-४ मात्र बरोबर आली, तर गफलत दुसऱ्या सुराची सरसकट नसून त्याच्या पुढे उंच स्थिर सूर आल्यावर होते आहे हे समजते. मग आठवडाभर २-१ आणि ३-१ या दोनच जोड्या समोरासमोर ऐकायच्या, बाकीच्या नाही.

आता उच्चाराकडे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, चिनी शिकले आणि १९४२च्या डिसेंबरात तिथेच त्यांचा अंत झाला. चीनमध्ये ते ज्या नावाने ओळखले जातात ते ‘ख१ ती४-ह्वा२’ आहे. पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी हे ‘ह्वा२’ आहे. त्याचा अर्थ चीन. त्याच अक्षराला पहिला सूर दिला तर अर्थ होतो फूल, चौथा दिला तर बोलणे किंवा चित्र. कोटणीसांच्या पत्नीचे नाव ‘क्वो१ छिंग४-लान२’ आणि मुलाचे ‘यिन४-ह्वा२’, म्हणजे भारत-चीन. वडिलांचे ‘ख१’ आधी लावले की मुलाचेही नाव १-४-२ होते. तीन वेगळ्या नावांत एकच सुरांची मांडणी आहे, आणि सरावासाठी याहून चांगले साहित्य मराठी माणसाला क्वचितच मिळेल.

१-४-२मध्ये दोन जोड्या आहेत, १-४ आणि ४-२, आणि त्या आधी वेगवेगळ्या साधाव्यात. वर घेतलेल्या ९० ते १८० हर्ट्झच्या आवाजात ‘ख१’ संपूर्ण अक्षरभर १८०च्या जवळ राहील. ‘ती४’ त्याच उंचीवर सुरू होईल आणि ९०च्या आसपास संपेल. ‘ह्वा२’ तिथूनच निघेल, पूर्वार्धात खालीच रेंगाळेल आणि उत्तरार्धात चढत १५० ते १८०पर्यंत जाईल.

आलेख पाहण्यासाठी ॲमस्टरडॅम विद्यापीठातील पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेला Praat हा संगणक-कार्यक्रम वापरतात. तो मोफत मिळतो. चिनी वक्त्याचा नमुना आणि विद्यार्थ्याचा उच्चार दोन्ही त्यात उघडून `View & Edit` निवडले की ध्वनीवर निळी रेषा दिसते, ती आवाजाची उंची. आधी उंचीची मर्यादा ठरवावी लागते: पुरुषाच्या आवाजासाठी ७५ ते ३०० हर्ट्झ, स्त्रीच्या आवाजासाठी १०० ते ५००. ही मर्यादा चुकली तर पुढचे सगळे वाचन फसवे ठरते.

समजा, मराठी विद्यार्थ्याच्या पहिल्या ध्वनिफितीत ‘ख’ १३० हर्ट्झवर सपाट आहे, ‘ती’ १३०वरून ११०ला उतरते आणि ‘ह्वा’ ११०वरून ९५पर्यंत घसरत संपते. सगळी रेषा एकाच दिशेने हळूहळू खाली येणारी दिसते. चिनी कानाला इथे एकही सूर नीट ऐकू येणार नाही. ‘ह्वा२’ तर बहुधा तिसऱ्या सुराच्या खालच्या रूपासारखे वाटेल. ही रेषा म्हणजे मराठी विधानवाक्याची सुरावट आहे: नाव सांगून संपवले की शेवट खाली येणारच.

यात तीन चुका दिसत असल्या तरी मूळ एकच आहे: पहिले अक्षर पट्ट्याच्या मध्यावर सुरू झाले. माथाच मिळाला नाही, म्हणून चौथ्या सुराला उतरायला जागा राहिली नाही, आणि उतार झाला नाही म्हणून पुढचा चढ सुरू करायला तळ मिळाला नाही. अशा वेळी शेवटच्या ‘ह्वा२’वर मेहनत घेणे व्यर्थ जाते. आधी फक्त ‘ख१’ हवे तेवढे उंच ठेवायचे, लाज वाटेल इतके. मराठीत इतक्या उंचावर सपाट राहण्याची सवय नसते, त्यामुळे ते ओरडल्यासारखे वाटते. पण जोर वाढवायचा नाही, फक्त उंची वाढवायची. मग ‘ख१-ती४’ ही जोडी, आणि ती बसल्यावर ‘ती४-ह्वा२’. या दुसऱ्या जोडीत विद्यार्थी ‘ह्वा’ लगेच चढवू पाहतो. त्याला आवाज तळाशी क्षणभर राहू द्यायचा आणि चढ शेवटाला सोडायचा. शेवटी तिन्ही अक्षरे एकत्र. दुसऱ्या फेरीत रेषा माथ्यावर सपाट, मग तीव्र उतार, मग खालून चढ अशी दिसली की नाव चिनी माणसाला कळेल.

आलेख वाचताना काही सापळे ओळखावे लागतात. तिसऱ्या सुराच्या तळाशी पुष्कळदा आवाज घोगरा, तुटक होतो आणि रेषा नाहीशी होते. ती चूक नव्हे. चिनी वक्त्यांच्या रेषेतही ती जागा रिकामी असते आणि ऐकणाऱ्याला तो घोगरेपणाच तिसऱ्या सुराची खूण पटवतो. कधी रेषा अचानक बरोबर एका सप्तकाने खाली किंवा वर उडी मारते. १७०वरून ८५ दिसले आणि कानाला उडी ऐकू आली नाही, तर यंत्राने कंपने निम्मी मोजली आहेत. मर्यादा दुरुस्त करून पुन्हा पाहावे. ‘ख’, ‘छ’, ‘श’ अशा अघोष व्यंजनांवर रेषा नसते, आणि त्यांच्या लगेच नंतरचा छोटा तुकडा थोडा वर उचललेला दिसतो. तो व्यंजनाचा परिणाम आहे, सुराचा नाही, म्हणून रेषेची सुरुवात न पाहता अक्षराचा मध्य आणि शेवट पाहावा. सर्वांत मोठी मर्यादा मात्र वेगळी आहे. डोळे रेषेवर खिळले की कान काम सोडतात. आलेख प्रत्येक उच्चारानंतर न पाहता, आधी स्वतःची ध्वनिफीत ऐकून ‘माझा दुसरा सूर चढला की नाही’ याचे उत्तर लिहावे आणि मग पडताळणीसाठी रेषा पाहावी. उत्तर आणि रेषा जुळू लागली की आलेखाची गरज संपत आली.

पूर्ण सुरांच्या जोड्या जमल्यावर बिनसुराची अक्षरे घ्यावीत. त्यांची उंची सर्वस्वी आधीच्या अक्षरावर अवलंबून असते: पहिल्या सुरानंतर ती २वर, दुसऱ्यानंतर ३वर, तिसऱ्यानंतर ४वर आणि चौथ्यानंतर १वर येतात. तिसऱ्यानंतर ती वर जातात, हे लक्षात ठेवावे लागते. बाकी तिन्ही वेळा ती आधीच्या माथ्याच्या खाली असतात. मग तीन आणि चार अक्षरांचे शब्द. मराठी भाषेचे चिनी नाव ‘मा३-ला१-ती४-यू३’ असे आहे, आणि त्यात ३-१, १-४, ४-३ या तीन जोड्या साखळीने येतात.

वाक्यात शिरल्यावर पट्टा स्थिर राहत नाही. वाक्य पुढे जाईल तसा तो हळूहळू खाली सरकतो, आणि मधे खालचा सूर येऊन गेला की पुढचा माथा आधीच्या माथ्याइतका वर जात नाही. वाक्याच्या शेवटचा पहिला सूर सुरुवातीच्या पहिल्या सुरापेक्षा हर्ट्झमध्ये बराच खाली असतो, तरी त्याच्या शेजारच्या अक्षरांच्या तुलनेत तो उंचच ऐकू येतो. विद्यार्थ्याने शेवटपर्यंत तोच माथा धरला तर वाक्य एकेका शब्दाची यादी वाचल्यासारखे होते. प्रश्नातही शेवटच्या अक्षराचा सूर बदलत नाही; वाक्याचा, विशेषतः त्याच्या शेवटच्या भागाचा, पट्टा वर सरकतो आणि चौथा सूर त्या वरच्या पट्ट्यातही उतरतच राहतो. मराठी माणसाने प्रश्न विचारताना शेवटच्या चौथ्या सुराला वर उचलले, तर ‘माइ४’ने संपणारा विक्रीबद्दलचा प्रश्न ‘माइ२’सारखा, म्हणजे पुरण्याबद्दलचा, ऐकू येतो. म्हणून या टप्प्यावर एकच वाक्य विधान आणि प्रश्न अशा दोन्ही प्रकारे म्हणून ध्वनिफीत काढावी आणि दोन्ही रेषा एकाखाली एक ठेवाव्यात. पट्टा हललेला दिसला पाहिजे, पण प्रत्येक अक्षरातली चढ-उताराची दिशा दोन्हीकडे तीच राहिली पाहिजे.